कुंदाबाई आणि जागा शोधणारी गाडी

कुंदाबाईंचा गाडीवर राग नव्हता. गाडीचं जे कौतुक चाले, त्याचा त्यांना वीट आला होता. अकोल्याच्या जठारपेठेत त्यांचं घर, आणि घरासमोर गाडी लावायची म्हणजे एका बाजूला दवाखान्यात आलेल्यांच्या मोटारी, दुसऱ्या बाजूला किराणावाल्याचा टेम्पो आणि मधल्या फटीत ज्याचं नशीब त्याची गाडी. त्या फटीत कुंदाबाई आपली जुनी लहान गाडी वर्षानुवर्षं लावत आल्या होत्या. कोणी कधी "छान लावली" म्हटलं नाही. नवी गाडी आली, तिने स्वतःचं चाक स्वतः फिरवलं, आणि गल्लीतली माणसं ओट्यावर येऊन उभी राहिली. "वा, काय गाडी आहे." ब्रेकवर पाय कुंदाबाईंचा, गिअर कुंदाबाईंचा, आणि वा गाडीची.

माहेर त्यांचं अमरावतीचं, राजापेठेतलं. लग्न होऊन अकोल्याला आल्या, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं, चाळिशीत गाडी शिकल्या. नवरा हरिहर वकील. कोर्टात त्यांचा आवाज चांगला, गाडीच्या चाकामागे मात्र हात थरथरत, म्हणून त्यांनी कधी चालवायला घेतली नाही. ही गोष्ट मात्र घरात कधी बोलली गेली नाही. बोलली गेली ती एकच: कुंदाबाईंनी एकदा स्वतःच्या फाटकाला गाडी घासली होती. त्या ओरखड्याचं वकिलांनी असं भांडवल केलं, की पाहुणा चहा संपवायच्या आत फाटकापाशी पोचलेला असे. "आमच्या सौंनी फाटकाले पण सोडलं नाही." पाहुणा हसे. कुंदाबाई कपबश्या उचलत. हसणाऱ्या माणसाचे दात दिसले की त्यांना किळस यायची.

पुण्याला नोकरी करणारा मुलगा गौरांग गाडी घेऊन आला तो त्याच फाटकाचं नाव घेऊन. "आई, आता तुला काही करायचं नाही. ही स्वतः जागा शोधते, स्वतः लागते." आणि लगेच एक अट घातली. गाडीला एक जरी ओरखडा आला, तर किल्ली बाबांकडे, आणि आईसाठी ड्रायव्हर. प्रेमानेच घातली होती. आपल्याकडे बाईच्या पायात घालायच्या बेड्या प्रेमानेच घडवतात.

किल्ली गेली तर काय जाणार होतं, ते कुंदाबाईंना पक्कं ठाऊक होतं. शनिवार जाणार होता. राजापेठेत त्यांची मोठी बहीण कौशल्या अंथरुणाला खिळून होती. कामाला बाई यायची, डबा यायचा, पण केस विंचरून देणारं, जुन्या मास्तरणींच्या नकला करून हसवणारं माणूस शनिवारीच यायचं, तेही स्वतःची गाडी चालवत. ड्रायव्हर ठेवला की वकीलसाहेब त्याला शनिवारी नेमके कुठे ना कुठे पाठवणार, हे त्यांना हरिहररावांच्या स्वभावावरून ठाऊक होतं. आधी एक शनिवार चुकेल, मग सवयच होईल.

म्हणून त्यांनी गाडी समजून घ्यायची ठरवली आणि ती घेऊन अकोल्याच्या शोरूमला गेल्या. तिथे अपेक्षा नावाची मुलगी गिऱ्हाइकांना गाडी ताब्यात देताना सगळं सांगायची. बाकी लोक पेढे खात फोटो काढायचे. कुंदाबाईंनी तिला शेजारी बसवून तीन फेऱ्या मारल्या. अपेक्षा चांगली होती, मोकळं बोलणारी.

"मॅडम, लोकायले वाटते गाडीले डोळे आहेत. डोळे नाहीत, कान आहेत," ती म्हणाली. "बंपरवर हे बटणासारखे गोल दिसून राहिले ना, हे आवाज फेकतात. आपल्याले ऐकू येत नाही असा. तो कशावर आदळून वापस आला, की किती वेळ लागला त्याच्यावरून गाडी अंतर काढते."

हे कुंदाबाई मुलींना फळ्यावर शिकवत आल्या होत्या. त्यांनी पुढचं विचारलं.

बटण दाबायचं आणि लावलेल्या गाड्यांच्या ओळीला समांतर, हातभराहून थोडं जास्त अंतर ठेवून, सायकलच्या वेगाने पुढे जायचं. बंपरच्या कडेचे सेन्सर बाजूला आवाज टाकत जातात. गाडी उभी आहे तोवर आवाज लगेच परततो. मध्ये फट आली की आवाज लांबून येतो किंवा येतच नाही. मग पुन्हा पत्रा लागला की फट संपली. चाकं किती फिरली त्यावरून फटीची लांबी कळते. ती आपल्या गाडीपेक्षा हातदोन हात मोठी भरली, की टुंग वाजतं, पडद्यावर 'थांबा' येतं. रिव्हर्स टाकायचा, स्टेअरिंग सोडायचं. चाक गाडी फिरवते. वेग, ब्रेक, गिअर आपल्याकडे. स्टेअरिंगला हात लावून अडवलं किंवा फार जोरात गेलं, की ती काम टाकून देते.

"आणि पाहणं?" कुंदाबाईंनी विचारलं.

"पाहणं तर तुमचंच, मॅडम. ते कोणी सांगू देत नाही आम्हाले. गिऱ्हाइकाचा चेहरा पडते."

पुढच्या काही महिन्यांत कुंदाबाईंनी त्या गाडीचे सगळे गुण पाहिले. रिकाम्या मैदानात तिला जागा सापडायची नाही, कारण मोजायला शेजारी गाडीच नाही. अख्खं मैदान मोकळं आणि गाडी आपली 'शोधत आहे' म्हणून गप्प. शेजारची गाडी वाकडी लावलेली असली की हीसुद्धा इमानदारीने वाकडी लागायची. उघडी नाली तिला कळत नव्हती, कारण खड्ड्यावरून आवाज परतत नाही, आणि ज्यावरून आवाज परतत नाही ते तिच्या लेखी मोकळं. पावसाळ्यात बंपरवर चिखल बसला की ती बहिरी व्हायची, नाहीतर उगाच ओरडायची. दसऱ्याला हरिहररावांनी समोरच्या बंपरवर झेंडूचं जाडजूड तोरण बांधलं. गाडी दिवसभर कुणी आडवं पडल्यासारखी किंचाळत होती, आणि वकीलसाहेब गल्लीला सांगत होते, "पाहा, किती सावध आहे." मागच्या कॅमेऱ्यालाही त्यांनी भक्तिभावाने कुंकवाचं बोट लावलं. तेलात कालवलेलं ते कुंकू काही केल्या निघेना. तेव्हापासून मागचं सगळं जग लाल धुक्यात दिसायचं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या मनात रुतून बसली. ताजनापेठेच्या बाजूला एका गादीवाल्याच्या दुकानासमोर त्या गाडी मागे घेत होत्या. मागे कापसाच्या गाद्यांच्या वळकट्या उभ्या होत्या. गाडी हूं की चूं न करता सरळ गादीला जाऊन टेकली. कुंदाबाई उतरल्या, गादीवर तळहात ठेवून उभ्या राहिल्या, आणि त्यांना कळलं. कापूस आवाज गिळतो. परत देत नाही. हे त्यांनी घरी सांगितलं, तेव्हा हरिहरराव वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, "गादीले टेकली ना? मग काय झालं? गादीच ती."

घरातले हे कौतुकाचे प्रयोग मात्र थांबले नाहीत. पाहुणा आला की "कुंदा, जरा दाखव". कुंदाबाई हात वर करून बसायच्या, चाक आपोआप फिरायचं, लोक टाळ्या वाजवायचे. दरवेशी अस्वलाला घेऊन दारोदार फिरायचा तेव्हा अस्वलाला काय वाटत असेल, ते त्यांना या वयात कळलं. त्यांना शिसारी आली होती त्या बटणाची, त्या टुंग आवाजाची, आणि सगळ्यात जास्त आपल्याच वर केलेल्या दोन हातांची.

दिवाळीनंतरच्या शनिवारी त्या अमरावतीला निघाल्या, तर गौरांग सुटीवर आलेला. तो म्हणाला, मीही येतो मावशीला भेटायला. मग हरिहररावही निघाले. त्यांचे जुने पक्षकार खुशालराव त्या दिवशी मूर्तिजापूर रस्त्यावरच्या एका जिनिंगवर, सरकी काढायच्या कारखान्यावर, कापूस घेऊन आले होते. वाटेत पाच मिनिटं त्यांना भेटू, असं ठरलं. भेटायचं कशाला होतं, ते कुंदाबाईंना न सांगता कळलं होतं.

जिनिंगच्या बाहेर रस्त्याच्या कडेने कापसाच्या गाड्यांची ओळ लागली होती. खुशालरावांचा टेम्पो ओळीच्या शेवटी होता, तोही उलट तोंडाचा, कारण ड्रायव्हर बंडूला चहाची टपरी समोर हवी होती. मागचा फाळका झडपेसारखा खाली सोडलेला, त्यावर कापूस फुगून बाहेर आलेला, वर जाळी, आणि ती जाळी ताणून धरायला बांधलेल्या दोन बांबूंची टोकं हातभर मागे निघालेली. त्या फाळक्याच्या समोर थोडी जागा सोडून, रस्त्याच्या पुढच्या अंगाला, एक जीप उभी होती. फाळक्यावर, कापसाच्या कुशीत, पाय खाली सोडून एक म्हातारी भाकर खात बसली होती. ती चतुराबाई, खुशालरावांच्या शेतात वेचणीला येणारी, वजन होईपर्यंत कापसाजवळून न हलणारी.

हरिहररावांनी काच खाली करून हाक मारली. "खुशालराव, इकडे या. पाहा आता गंमत. गाडी आपल्या मनानं लागते."

"मनानं?" खुशालराव टपरीवरून उठत म्हणाले. "माहे बैल पण माह्या मनानं चालतात, आपल्या नाही."

"कुंदा, दाखव," हरिहरराव म्हणाले. शेजारच्या सीटवरून गौरांगने मोबाईल काढला. "आई, हात वर ठेव हं. नीट दिसले पाहिजेत."

कुंदाबाईंनी बटण दाबलं. टेम्पोच्या बाजूने गाडी हळू पुढे गेली, जीपशी पोचली, आणि टुंग. 'थांबा.' त्यांनी रिव्हर्स टाकला, हात सोडले. चाक डावीकडे गरगरलं, गाडीचं बूड फटीत वळायला लागलं आणि नाक रस्त्यात आलं. पडद्यावर गाडीचं चित्र, मागे हिरवा पट्टा, कॅमेऱ्यात तेच लाल धुकं. बझर गप्प.

कुंदाबाई पडद्याकडे पाहत नव्हत्या. त्या आरशात पाहत होत्या. आरशात दोन पाय दिसत होते, वहाणा नसलेले, भेगाळलेले, आरामात हलणारे. बझर अजून गप्प. गादीवाल्याचं दुकान त्यांना आठवलं आणि सगळा हिशेब एकदम जुळला. बाजूने जाताना गाडीला टेम्पोचा पत्रा ऐकू आला होता, बाहेर आलेला कापूस नाही. तिने पत्र्यापासून जीपपर्यंत जागा मोजली होती. फाळका आणि बांबू तर तिच्या कानांच्या वरच होते. लुगड्यातले ते मऊ पायही तिला धड ऐकू येत नव्हते; ती त्यांना चिरडणार होती आणि तोवर हिरवंच दाखवणार होती.

त्यांनी करकचून ब्रेक दाबला आणि स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरलं. गाडीने खर्जात एक सूर काढून काम टाकून दिलं.

"काय केलंस?" गौरांग ओरडला. तेवढ्यात मागून एक दूधवाला आला. गाडीचं नाक रस्त्यात तिरकं अडकलेलं. त्याने मोटरसायकल काढली, पण त्याचं कॅन पुढच्या बंपरला खरवडत गेलं. एक शिवी देऊन तो निघून गेला.

सगळे उतरले. पुढच्या कोपऱ्यावर वीतभर ओरखडा होता. हरिहरराव त्याच्याकडे असे पाहत होते, जणू त्यांना हवा असलेला साक्षीदार अखेर सापडला होता.

"फाटकानंतर आता दूधवाला," ते खुशालरावांना म्हणाले.

"मागं बाई बसली होती," कुंदाबाई म्हणाल्या.

"आई, मागे काहीच नव्हतं. हिरवं होतं. माझ्याकडे व्हिडिओ आहे," गौरांग म्हणाला, आणि त्याने हात पुढे केला. "किल्ली दे. ठरलं होतं ना आपलं?"

कुंदाबाईंनी त्याच्या हाताकडे पाहिलं. त्या हाताला त्यांनी अक्षर गिरवायला शिकवलं होतं. त्यांना रडू आलं नाही. किळस आली, आणि आपल्याच मुलाची किळस यावी याचं त्यांना जास्त वाईट वाटलं. त्यांनी किल्ली त्याच्या तळहातावर टाकली.

"थांब, नीट करून दाखवतो," गौरांग म्हणाला. "गाडीला तिचं काम करू दिलं की काही होत नाही."

"गौरांग, मागं कापूस आहे. कापसावरून आवाज परत येत नाही. तिले तो आहे हेच समजत नाही."

"आई, ही अल्ट्रासॉनिक सिस्टीम आहे. तुझ्या शाळेतला प्रयोग नाही."

कुंदाबाईंनी वाद सोडून दिला. त्या टेम्पोपाशी गेल्या आणि चतुराबाईंना म्हणाल्या, "माय, उतरा खाली."

"काहून वो? भाकर खाऊन राहिली मी."

"पोरगा गाडी लावून राहिला. उतरा."

"लावू दे ना त्याले. मी काय त्याच्या अंगावर बसली?" म्हातारी कुरकुरली. पण कुंदाबाईंच्या आवाजात तासाला गोंधळ करणाऱ्या वर्गाला गप्प करणारं काहीतरी होतं. ती भाकरीसकट उतरली आणि कडुलिंबाखाली जाऊन बसली.

गौरांगने गाडी मागे नेऊन पुन्हा ओळीने आणली. टुंग. रिव्हर्स. त्याने दोन्ही हात खिडकीतून बाहेर काढून वडिलांना दाखवले, आणि एका हातातल्या मोबाईलकडे पाहून हसलाही. खुशालराव म्हणाले, "मागं पाहत नाही का हा?" हरिहरराव म्हणाले, "पाहावंच लागत नाही." गाडी ऐटीत वळली. बझर गप्प, पट्टा हिरवा. मग बांबूचं टोक मागच्या काचेतून आत शिरलं, काच खळकन सांडली, आणि फाळक्याची कड डिकीच्या पत्र्यात रुतून गाडी थांबली. बझर तेव्हाही वाजला नाही.

चतुराबाई उठून आली. फाळका आणि डिकी यांच्यामध्ये आता बोट घालायला जागा नव्हती. तिने ती फट वाकून पाहिली, मग कुंदाबाईंकडे पाहिलं.

"माहे पाय तं तेथीच होते वो, बाई," ती हळू म्हणाली, आणि बाकीची भाकर तिने पदरात बांधून ठेवली.

गौरांग उतरला तो पांढरा पडला होता. पण तोंड उघडलं तेव्हा त्यातून जे निघालं, ते ऐकायला कुंदाबाई जणू तयारच होत्या.

"सेन्सरमध्ये फॉल्ट आहे," तो म्हणाला. "उद्याच शोरूमला घेऊन जातो. असली गाडी विकतातच कशी?"

"ग्राहक मंचात जाऊ," हरिहरराव लगेच म्हणाले. "यांत्रिक दोष आहे सरळ सरळ. आणि खुशालराव, तुमच्या ड्रायव्हरनं टेम्पो उलटा लावला हा पण मुद्दा आहे."

कुंदाबाई ऐकत होत्या. त्यांनी ब्रेक दाबला तेव्हा चूक त्यांची होती. पोराने न पाहता ठोकली तेव्हा चूक गाडीची, शोरूमची, बंडूची. फाटकाचा ओरखडा इतकी वर्षं चहाबरोबर वाढला गेला; ही फुटलेली काच मात्र उद्या जेवणाच्या ताटावरसुद्धा येणार नव्हती. त्या रस्त्याच्या कडेला थुंकल्या. जन्मात कधी चारचौघांत थुंकल्या नव्हत्या.

"गाडीत फॉल्ट नाही," त्या म्हणाल्या. "तिले जेवढं ऐकू येते तेवढं तिनं केलं. तुले दोन डोळे होते." आणि त्यांनी हात पुढे केला. "किल्ली."

"आई, अशा गाडीत तू कुठे जाणार? काच नाही मागे."

"अमरावतीले. शनिवार आहे."

गौरांगने बापाकडे पाहिलं. बापाने खुशालरावांकडे पाहिलं. खुशालराव टेम्पोचे बांबू सोडवायला बंडूला हाका मारू लागले, म्हणजे त्यांनी कोणाकडेच पाहिलं नाही. कुंदाबाईंचा हात तसाच पुढे होता. शेवटी गौरांगने किल्ली दिली.

कुंदाबाईंनी मागच्या सीटवरच्या काचा झाडून घेतल्या. त्यांच्यात कापसाचे पुंजके अडकले होते. बांबू सुटल्यावर त्यांनी चाक स्वतः फिरवत गाडी एका दमात फटीतून बाहेर काढली. हरिहरराव नेहमीच्या सवयीने पुढचं दार उघडायला आले.

"तुम्ही दोघं खुशालरावांच्या टेम्पोतून घरी जा," कुंदाबाई म्हणाल्या. "फाळक्यावर जागा आहे."

"अगं, निदान हळू चालव. ट्रक असतात रस्त्यावर. आणि पोचली की लावताना जरा पाहून," हरिहरराव म्हणाले.

कुंदाबाईंनी आपल्या बाजूची काच पूर्ण वर केली आणि गाडी रस्त्यावर घेतली. पण मागे काच नव्हती. वळण येईपर्यंत त्यांना नवऱ्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, कोणता गिअर केव्हा टाकायचा ते सांगणारा.